नुसतं 'हे अभ्यासायला मदत कर' म्हणून पीपीटी आली तर कार्डं काढायची की क्विझ?

रिकामटेकडा | मंगळवार, रात्री १०:४०

मावसबहीण फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिने आज लेक्चरची पीपीटी पाठवली, ४६ स्लाइड्स, विषय मज्जातंतूतलं अ‍ॅक्शन पोटेन्शियल, आणि खाली एकच ओळ, 'दादा हे अभ्यासायला मदत कर ना'. संपलं. परीक्षा कधी, लेखी की तोंडी, अडलंय कुठे, काही पत्ता नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, त्यामुळे व्होल्टेज आणि ग्राफ कळतात, बाकी जीवशास्त्राशी आपला संबंध दहावीपुरता. फ्लॅशकार्डं करून द्यावीत असं डोक्यात आहे, पण किती करायची, कुठल्या स्लाइडची करायची, की सरळ दहा प्रश्नांची क्विझ पाठवू? की आधी तिलाच विचारू तुला नक्की काय हवंय ते? ज्यांनी कुणासाठी असं केलंय त्यांनी सांगा.

कार्डबहाद्दर | मंगळवार, रात्री १०:५८

यात विचार कसला करायचा. अँकी अ‍ॅप उघड, प्रत्येक बुलेट पॉइंट घे, महत्त्वाचा शब्द झाक, क्लोझ कार्ड तयार. ४६ स्लाइड्सची आरामात १८० कार्डं निघतील. मी सगळे विषय असेच काढलेत. रोज घासायची, बाकी सगळं अँकीवर सोडायचं.

निवांतपणा | मंगळवार, रात्री ११:१५

पीपीटी बनवताना एका स्लाइडवर सहापेक्षा जास्त ओळी नकोत आणि फॉन्ट २४ च्या खाली नको. पिवळ्यावर पांढरी अक्षरं तर अजिबात नको.

रिकामटेकडा | मंगळवार, रात्री ११:१८

निवांतराव, पीपीटी बनवायची नाहीये हो, आलेली आहे. पण पिवळ्यावर पांढरी अक्षरं आहेत खरी, स्लाइड ३१ वर.

सिनॅप्स | बुधवार, सकाळी ७:०५

मी हाच विषय शिकवते आणि पेपरही काढते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे तिने 'मदत कर' म्हटलंय तेव्हा तिला त्याच स्लाइड्सचा सारांश नकोय, स्लाइड्स हा आधीच सारांश असतो, त्याचा आणखी सारांश काढला तर हातात नुसते मथळे उरतात. कार्ड किंवा क्विझ हा तुमचा अंदाज बरोबर आहे. पण दोन्हीतलं काय आणि कशावर, हे तिला न विचारताही बऱ्यापैकी कळतं आणि ते त्या फाइलमध्येच लिहिलेलं असतं. दुसरी किंवा तिसरी स्लाइड बघा, 'या लेक्चरनंतर विद्यार्थ्याला अमुक करता आलं पाहिजे' अशी यादी असते, तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आम्ही पेपर काढताना तीच यादी समोर घेऊन बसतो. त्यातली क्रियापदं वाचा. 'सांगता येणे' असेल तर कार्ड चालतं. 'आकृती काढून नावं देणे' असेल तर आकृतीच झाकून विचारायला हवी, शब्दांचं कार्ड करून काही उपयोग नाही. 'कारण स्पष्ट करणे' किंवा 'तुलना करणे' असेल तर तिथे कार्ड लंगडं पडतं, प्रश्नच विचारावा लागतो.

दुसरं, ४६ पैकी खऱ्या स्लाइड्स किती ते आधी मोजा. शीर्षक, धन्यवाद, 'काही शंका?', फोटोवाल्या, आणि मुख्य म्हणजे एकच आकृती टप्प्याटप्प्याने भरत जाणाऱ्या चार-पाच स्लाइड्स, त्यातली शेवटचीच घ्यायची. माझ्या स्वतःच्या पीपीटीत हे सगळं गाळलं की निम्म्याहून कमी उरतं.

तुमच्या फाइलमधली ती यादी इथे टाका बरं.

रिकामटेकडा | बुधवार, सकाळी ९:३०

सापडली, स्लाइड ३. चार ओळी आहेत. विश्रांतीतल्या व्होल्टेजची व्याख्या आणि किंमत सांगता येणे, अ‍ॅक्शन पोटेन्शियलचा ग्राफ काढून टप्प्यांची नावं देणे, प्रत्येक टप्प्यामागे कुठला आयन कुठे जातो ते स्पष्ट करणे, आणि रिफ्रॅक्टरी पिरियडचे, म्हणजे एका अ‍ॅक्शन पोटेन्शियलनंतर लगेच दुसरं सहज येत नाही त्या काळाचे, दोन प्रकार तुलनेसह. गाळून झाल्यावर १९ स्लाइड्स उरल्या. म्हणजे कार्डबहाद्दर म्हणतो तशी १८० कार्डं कुठून येणार?

खडूस_काका | बुधवार, सकाळी ९:५२

मुळात तुम्ही कार्डं करूच नका. कार्ड करण्यातच निम्मा अभ्यास होतो, तो तुम्ही करणार आणि परीक्षा ती देणार. तिला सांगा तूच कर, मी तपासून देतो. आणि आधी फोन करून विचारा की परीक्षा कधी आहे. अर्धवट माहितीवर कुणी काम करतं का?

सिनॅप्स | बुधवार, सकाळी १०:२०

काका, पहिला मुद्दा मला अर्धा मान्य आहे. कार्ड स्वतः केलं की ते डोक्यात बसतं हे खरंच, पण नवीन मुलांना काय विचारलं जाईल हेच कळत नसतं, त्यामुळे त्या स्लाइडवरची वाक्यं जशीच्या तशी कार्डावर उतरवतात. पहिली वीस कुणीतरी नीट करून दिली तर पुढची तशी करायला जमतात.

विचारण्याबद्दल मात्र, पाच प्रश्न परत पाठवू नका. परीक्षा कधी, एमसीक्यू की लेखी, किती खोलात, कुठले मुद्दे कच्चे आहेत... ज्याला काय समजलं नाही हे सांगता येत असतं तो 'मदत कर' एवढंच लिहीत नाही, सरळ प्रश्न विचारतो. अशा मुलीला पाच प्रश्न पाठवले की उत्तर येतं 'असू दे दादा बघते मी'. एकच विचारा, परीक्षा कधी आणि कशी, आणि त्याच मेसेजमध्ये पाच-सहा कार्डं आणि दोन प्रश्न जोडून द्या. ती काय सोडवते आणि कुठे चुकते त्यातून बाकीचं सगळं कळतं.

कार्डबहाद्दर | बुधवार, सकाळी ११:४०

परीक्षा कधी आहे याने काय फरक पडतो, अँकी आपोआप शेड्यूल करतं की.

सिनॅप्स | बुधवार, दुपारी १२:१५

पडतो ना. अँकीत मूळ सेटिंगला रोज २० नवीन कार्डं येतात. तुमची १८० घातली तर शेवटचं कार्ड नवव्या दिवशी समोर येणार, आणि कार्डं येतात तुम्ही घातली त्या क्रमाने. म्हणजे परीक्षा पाच दिवसांवर असेल तर पहिल्या १०० कार्डांत व्याख्या, इतिहास, पेशीच्या पडद्याची रचना वगैरे घासून होईल आणि शिखरानंतर व्होल्टेज खाली येणं म्हणजे रिपोलरायझेशन, आणि रिफ्रॅक्टरी पिरियड, हे जे हमखास विचारतात ते एकदाही दिसणार नाही. सेटिंग बदलून नवीन कार्डांचा आकडा वाढवता येतो, पण मग रोजची उजळणी इतकी साचते की मुलं तिसऱ्या दिवशी अ‍ॅपच उघडत नाहीत. परीक्षा आठवड्याच्या आत असेल तर क्विझ जास्त आणि कार्डं थोडी. सत्र संपायला महिना-दोन महिने असतील तर उलट.

वकीलसाहिबा | बुधवार, दुपारी १:०३

माझंही असंच आहे म्हणून विचारते, माझ्या लॉच्या स्लाइड्सवर नुसती खटल्यांची नावं आणि कलमांचे आकडे असतात. मी कार्डं केली, पुढे खटल्याचं नाव, मागे कलम. सगळी पाठ आहेत तरी उत्तर लिहायला बसलं की काहीच येत नाही. माझ्या कार्डांत काय चुकतंय?

सिनॅप्स | बुधवार, दुपारी १:३०

कार्डात नाही, स्लाइडमध्येच ते नाहीये. तुमच्या सरांनी खटल्यात घडलं काय आणि कोर्टाने तसं का ठरवलं ते तोंडी सांगितलं, स्लाइडवर फक्त त्यांना आठवण राहावी म्हणून नाव ठेवलं. जे स्लाइडवर नाही ते त्यातून काढता येत नाही. तुमच्या वहीतून किंवा पुस्तकातून घटना घ्या, पुढच्या बाजूला घटना आणि मागे 'कोणतं तत्त्व आणि का' असं करा.

रिकामटेकडा, तुम्हालाही हे बघावं लागेल. फाइल पीपीटीएक्स आहे की पीडीएफ? पीपीटीएक्स असेल तर स्लाइडच्या खाली नोट्सचा भाग उघडून बघा, काही शिक्षक तिथे चार-चार ओळी लिहून ठेवतात, पीडीएफ केली की सहसा त्या जातात.

रिकामटेकडा | बुधवार, दुपारी २:१०

पीपीटीएक्स आहे, आणि नोट्समध्ये खरंच लिहिलंय! स्लाइड २२ च्या खाली 'पंपाचा आणि रिपोलरायझेशनचा घोळ विद्यार्थी दरवर्षी घालतात, नीट सांगणे'. हे तर पेपरफुटीच झाली.

अजून एक गंमत, मी सगळा मजकूर कॉपी करून एका फाइलमध्ये घेतला तर ग्राफवाल्या स्लाइडमधून फक्त मथळा आला. उणे ७०, उणे ५५, अधिक ३० हे आकडे चित्रात आहेत, मजकुरात नाहीत. चित्र उघडून बघितलं नसतं तर सगळ्यात महत्त्वाच्या स्लाइडचं एकही कार्ड झालं नसतं.

सिनॅप्स | बुधवार, दुपारी ३:००

हो, शरीरक्रियाशास्त्रात हे कायम होतं, सगळा जीव चित्रात असतो.

आता तुमच्या १९ स्लाइड्सची कार्डं कशी व्हावीत ते एकाच स्लाइडवर दाखवते. समजा स्लाइडवर असं आहे: 'डिपोलरायझेशन: सोडियम चॅनल उघडतात, सोडियम आत, व्होल्टेज उणे ५५ वरून अधिक ३०, चॅनल निष्क्रिय होतात'. यावर 'डिपोलरायझेशन म्हणजे काय?' असं एक कार्ड केलं तर मागच्या बाजूला चार गोष्टी येतात, तिला तीन आठवतात आणि ती 'आलं' म्हणून पुढे जाते. चौथी राहून जाते आणि नेमकी तीच रिफ्रॅक्टरी पिरियडचं कारण असते. म्हणून एका कार्डावर एकच गोष्ट, आणि प्रश्न असा की त्याचं दुसरं उत्तर निघूच नये. मी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असं लिहिते, अँकीत ती थेट इम्पोर्ट होते, तिसरा भाग स्लाइडचा नंबर:

```
#separator:Semicolon
#tags column:3
थ्रेशोल्ड गाठल्यावर आधी कुठले चॅनल झपाट्याने उघडतात?;व्होल्टेजवर चालणारे सोडियम चॅनल;स्लाइड_18
सोडियम आतच का धावतं, बाहेर का नाही?;बाहेर ते जास्त आहे आणि आतली बाजू ऋण आहे;स्लाइड_18
शिखराजवळ सोडियम आत येणं का थांबतं?;चॅनल निष्क्रिय होतात;स्लाइड_18
निष्क्रिय चॅनलला लगेच दुसरा जोरदार झटका दिला तर?;उघडत नाही, आधी व्होल्टेज खाली यावं लागतं;स्लाइड_18
```

स्लाइडचा नंबर टाकायला विसरू नका. अडली की ती स्लाइडवर परत जाते, आणि एकाच नंबरची कार्डं सारखी चुकायला लागली तर ती स्लाइडच समजलेली नाही हे दिसतं. तिथे कार्ड घासून काही होत नाही, बसून समजावून सांगावं लागतं. १९ स्लाइड्सची पंचवीस ते तीस कार्डं पुरेत.

आणि कार्डबहाद्दर, क्लोझबद्दल सांगते. स्लाइडवरचं वाक्य जसंच्या तसं ठेवून शब्द झाकला की मुलं वाक्याच्या आकारावरून ओळखतात, अर्थ वाचतच नाहीत. आकडे आणि नावांना क्लोझ ठीक आहे, कारणांना नको.

कार्डबहाद्दर | बुधवार, दुपारी ४:२५

आकारावरून ओळखतात हे खरंय, माझं होतं तसं, पण तरी मार्क पडतातच ना. असो. क्विझचा एक प्रश्न मी देतो.

शिखरानंतर व्होल्टेज खाली येतं ते मुख्यतः कशामुळे?
अ) क्लोराइड बाहेर जातं
ब) पोटॅशियम चॅनल उघडून पोटॅशियम बाहेर जातं आणि त्याच वेळी सोडियम चॅनल निष्क्रिय झालेले असतात
क) कॅल्शियम आत येतं
ड) वरीलपैकी सर्व

खडूस_काका | बुधवार, दुपारी ४:४०

मला यातलं ओ की ठो कळत नाही, तरी ब. सगळ्यात लांब तेच आहे.

सिनॅप्स | बुधवार, संध्याकाळी ५:१०

काकांनी एका ओळीत सगळं सांगितलं :)

चुकीचे पर्याय असे हवेत की ज्याचा घोळ आहे तो त्यातला एखादा आत्मविश्वासाने निवडेल. घोळ कुठले ते शिक्षकांनी नोट्समध्ये लिहूनच ठेवलंय. पर्याय असे करा: सोडियम-पोटॅशियम पंप आयन परत नेतो / पोटॅशियम चॅनलमधून बाहेर जातं / सोडियम त्याच चॅनलमधून परत बाहेर येतं / क्लोराइड चॅनलमधून आत येतं. चारही साधारण सारख्या लांबीचे. पंप निवडला तर घोळ कळला, कारण पंप आयनांची साठवण दीर्घकाळ टिकवतो, एका स्पाइकचं व्होल्टेज खाली आणायला तो फार हळू आहे. मोठ्या मज्जातंतूत पंप बंद पाडला तरी पुढचे बरेच स्पाइक येत राहतात. 'सोडियम परत बाहेर येतं' निवडलं तर घोळ वेगळा, तिला आयन कुठल्या दिशेला का जातो हेच कळलेलं नाही. म्हणजे चुकीचं उत्तर आलं की पुढे काय समजवायचं ते हातात येतं. 'वरीलपैकी सर्व' तर टाकूच नका.

आणि एक प्रश्न असा द्या जो कुठल्याच स्लाइडवर नाही पण स्लाइड कळली असेल तर येतो: पेशीबाहेरचं पोटॅशियम वाढलं तर विश्रांतीतलं व्होल्टेज कुठल्या बाजूला सरकेल? शून्याकडे सरकतं, कारण बाहेर जायची ओढ कमी होते. नुसती पाठ केलेली मुलं इथे हमखास 'आणखी ऋण होईल' म्हणतात.

रिकामटेकडा | बुधवार, रात्री ९:२०

कार्डं लिहीत होतो तर स्लाइड २३ वर अडलो. 'पंप: ३ पोटॅशियम आत, २ सोडियम बाहेर'. बाकी सगळीकडे मला उलटं सापडतंय, ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत. तिच्या मॅडमच्या स्लाइडविरुद्ध कार्ड कसं करू? पेपर त्याच तपासणार.

खडूस_काका | बुधवार, रात्री ९:३५

स्लाइडवर आहे तेच लिहा. मार्क कोण देणार?

सिनॅप्स | बुधवार, रात्री १०:०५

नाही हो. ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत हेच बरोबर आहे, स्लाइडवर टायपिंगची चूक दिसतेय. कार्ड बरोबर करा आणि तिला वेगळं सांगा की स्लाइड २३ वर आकडे उलटे आहेत, मॅडमना एकदा विचारून घे. गुपचूप दुरुस्त करू नका, नाहीतर ती परीक्षेच्या आदल्या रात्री स्लाइड आणि कार्ड शेजारी ठेवून गोंधळेल, आणि तुमच्या बाकीच्या कार्डांवरचाही विश्वास जाईल. पण प्रत्येक फरक म्हणजे चूक नाही. थ्रेशोल्ड एका पुस्तकात उणे ५५ असतो, दुसऱ्यात उणे ५०, कारण तो पेशीनुसार बदलतो. तिथे स्लाइडचाच आकडा ठेवा.

वकीलसाहिबा | बुधवार, रात्री १०:३०

एक विचारू का, मला वाचल्यावर जास्त येतंय असं वाटतं, प्रश्न सोडवले की उलट काहीच येत नाही असं वाटतं. मग नक्की कशाने फायदा होतो?

सिनॅप्स | बुधवार, रात्री १०:५०

वाटण्यावर जाऊ नका. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे. म्हणून रिकामटेकडा, बहीण म्हणेल की दादा यापेक्षा छान नोट्स काढून दे, तर लगेच हो म्हणू नका.

रिकामटेकडा | गुरुवार, रात्री ८:१५

सहा कार्डं, दोन प्रश्न आणि 'परीक्षा कधी, कशी?' असं पाठवलं होतं. तिचं उत्तर आलं, परीक्षा पुढच्या बुधवारी, लेखी, ग्राफ काढायला येतोच म्हणे. कार्डं सगळी बरोबर. प्रश्नांत रिपोलरायझेशनला पंप निवडला! आणि पोटॅशियम वाढल्यावर 'आणखी ऋण'. म्हणजे पाठांतर आहे, कशामुळे काय होतं ते नाही. सहा दिवस आहेत, तेव्हा कार्डं वीसच ठेवतो आणि 'का'चे प्रश्न रोज तीन. पंपाचं फोनवर समजावलं, पाणी टाकीत चढवणारी मोटर वेगळी आणि खालचा नळ वेगळा म्हटल्यावर पटलं तिला.

सिनॅप्स | गुरुवार, रात्री ८:४०

छान. लेखी आहे म्हणजे एमसीक्यूपेक्षा तिला पर्यायांशिवाय दोन-तीन ओळींत लिहायला लावा आणि फोटो पाठवायला सांगा. पर्याय समोर असले की ओळखता येतं, कोऱ्या कागदावर येईलच असं नाही.

खडूस_काका | गुरुवार, रात्री ९:०५

उरलेली कार्डं तरी तिला करू द्या. वीसपैकी दहा तुम्ही, दहा ती.

रिकामटेकडा | गुरुवार, रात्री ९:१२

तिला म्हटलं, तर म्हणाली वेळ नाही. बघू. ग्राफचं काय करू पण? इमेज ऑक्लुजनने नावं झाकून देऊ की कोरा कागद घेऊन पूर्ण ग्राफच काढायला सांगू?

कार्डबहाद्दर | गुरुवार, रात्री ९:३०

ऑक्लुजन. पाच मिनिटांत होतं, नवीन अँकीत आतच आहे, वेगळं अ‍ॅड-ऑन लागत नाही.

सिनॅप्स | गुरुवार, रात्री ९:४४

यादीत 'ग्राफ काढून' लिहिलंय, तेव्हा कोरा कागद. दोन्ही अक्ष, त्यावरचे आकडे आणि वेळ मिलिसेकंदात आहे का ते बघा, मुलं सेकंद लिहितात.

कार्डबहाद्दर | गुरुवार, रात्री ९:५०

दोन्ही करू दे की, ऑक्लुजन आधी आणि कागद नंतर. मला तरी असंच जमतं.